प्रभागांची बेरीज

धुळ्याची लोकसंख्या विचारली की २०११ च्या जनगणनेचा आकडा पुढे येतो : सुमारे ३ लाख ७५ हजार. त्याच्या शेजारी कोणी पांझरेपलीकडच्या देवपूरचा आकडा मांडतो आणि भोळा वाचक दोहोंची बेरीज करून मोकळा होतो. पण देवपूर धुळ्याचेच; तिथली माणसे शहराच्या आकड्यात आधीच मोजलेली आहेत. ही चूक सोपी, म्हणून लवकर सापडते.

खरी गंमत पुढेच आहे. २०१८ साली वलवाडी, अवधान वगैरे गावे महापालिकेच्या हद्दीत आली आणि त्याच वर्षी निवडणुकीसाठी १९ प्रभाग पडले. प्रभागांची लोकसंख्याही २०११ चीच धरलेली. तरी त्यांची बेरीज शहराच्या आकड्याहून जास्त भरते! कारण २०११ साली ही गावे शहराबाहेर मोजली होती. गणती एकच, कुंपण मात्र निराळे.

हे ओळखावे कसे? महापालिकेच्या जागा ७४. जुन्या आकड्याला त्यांनी भागले तर जागेमागे सुमारे ५,०७० माणसे येतात. चार जागांच्या प्रभागात वीस हजारांच्या थोडी वर. बहुतेक प्रभाग याहून मोठे दिसले, तर आकडा वाढीव हद्दीचा समजावा. जळगावात शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजार आणि जागा ७५; तिथे हाच हिशेब साडेचोवीस हजारांवर जातो.

तेव्हा वाचकहो, शहराशेजारी प्रभागाचा आकडा मांडताना गणतीचे साल लिहाच, पण हद्द कोणत्या सालची तेही लिहा.