‘ॲलर्जीचं इंजेक्शन’ म्हणजे नेमकं कोणतं?

“डॉक्टर, ते ॲलर्जीचं इंजेक्शन देऊन टाका, म्हणजे वर्षभराची कटकट मिटेल.” पावसाळा संपत आला, सोयाबीनची काढणी सुरू झाली की अमडापूर परिसरात ही मागणी वाढते. रुग्णाच्या मनात असतं ते इंजेक्शन बहुतेक वेळा स्टेरॉइडचं असतं. ते घेतल्यावर दोन दिवसांत नाक मोकळं होतं आणि तीन-चार आठवडे बरं वाटतं. पण ॲलर्जी जिथल्या तिथेच राहते. दर हंगामात ते घेणाऱ्याची साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात आणि शरीरात स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी मंदावते. नुसत्या सर्दी-शिंकांसाठी ही किंमत फार मोठी आहे, म्हणून मी ते देत नाही.

दुसरं एक इंजेक्शन आहे, ज्याला आपण ॲलर्जीची लस म्हणतो. वैद्यकीय नाव ॲलर्जन इम्युनोथेरपी. ज्या गोष्टीची ॲलर्जी आहे तिचाच अर्क अगदी थोड्या प्रमाणात त्वचेखाली टोचायचा आणि मात्रा हळूहळू वाढवत न्यायची, म्हणजे शरीर तिच्यावर चवताळून उठणं कमी करतं. हे नवं नाही. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागांचा अर्क असाच टोचून पाहिला आणि १९११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोळी आणि स्प्रे त्रास दाबून ठेवतात. औषध थांबवल्यावरही काही वर्षं फायदा टिकू शकतो असा आजवरचा एकच उपचार म्हणजे ही लस. तरीही माझं मत असं की शिंकणाऱ्या बहुसंख्य लोकांना तिची गरज नाही, आणि ज्या थोड्यांना आहे त्यांच्यापर्यंत ती नीट पोचत नाही.

आधी ‘हट्टी सर्दी’ खरंच हट्टी आहे का ते बघायला हवं. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नाकाचा स्टेरॉइड स्प्रे नीट वापरलेलाच नसतो. चार दिवस मारला, फरक पडला नाही, सोडून दिला. हा स्प्रे रोज, न चुकता, किमान तीन-चार आठवडे वापरल्याशिवाय त्याच्याबद्दल मत बनवता येत नाही. मारताना उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारायचा, तोंड बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारला तर नाकातून रक्त येतं. जोरात आत ओढला तर औषध घशात जातं आणि नाक कोरडंच राहतं. काही जण नाक मोकळं करणारे थेंब महिनोन्महिने टाकतात. त्या थेंबांनीच नाक चोंदायला लागतं आणि रुग्णाला वाटतं ॲलर्जी वाढली. नाकाचा पडदा वाकडा असणं, नाकात पॉलिप असणं, यांवर लसीचा काही उपयोग नाही. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी एकदा नाक आतून पाहणं आवश्यक आहे.

आपल्या भागात आणखी एक गोंधळ होतो. गाजरगवताने शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हाताच्या घडीत जी खरूज उठते, कातडी जाड होते, ती ॲलर्जी वेगळ्या जातीची. गवतातलं रसायन त्वचेला लागून ती होते. त्याच गवताच्या परागांनी काहींना शिंकाही येतात. ही लस शिंकांच्या जातीच्या ॲलर्जीवर चालते, त्वचेच्या त्या आजारासाठी ती नाही.

आता एक रुग्ण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय ३४, शाळेत शिक्षिका, वजन ५५ किलो. आठ वर्षांपासून त्रास. रोज सकाळी उठल्याबरोबर वीस-पंचवीस शिंका, नाक गळतं, डोळ्यांना खाज येते. गोळी घेतली की वर्गात डुलकी लागते. स्प्रे सहा महिने व्यवस्थित वापरला, फायदा अर्धाच. तज्ज्ञांकडे त्वचेची टोचणी चाचणी झाली. त्यात हातावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेल्या गांधी मोजतात. साध्या खारट पाण्याच्या थेंबापेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी गांध आली तर ती धरतात. चाचणीच्या आधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर गांध उठतच नाही. नाकाचा स्प्रे चालू ठेवला तरी चालतो.

बाईंच्या अहवालात ४८ पदार्थ होते आणि ९ ‘पॉझिटिव्ह’. डस्ट माइटच्या दोन्ही जातींना ७ आणि ६ मिलिमीटर. झुरळ, एक बुरशी, बाभूळ, गाजरगवत वगैरेंना ३ ते ४. या नऊही गोष्टी एकाच कुपीत घालून लस बनवून देण्याचा प्रस्ताव एका ठिकाणाहून आला होता. इथेच थांबायला हवं होतं, आणि त्या थांबल्या.

चाचणी पॉझिटिव्ह येणं म्हणजे आजार असणं नव्हे. शरीर त्या पदार्थाला ओळखतं एवढंच त्यातून कळतं. आजार त्यामुळेच आहे की नाही हे रुग्णाच्या हकिगतीवरून ठरतं. डस्ट माइट म्हणजे गादी, उशी, गोधडीत राहणारा, डोळ्यांना न दिसणारा जीव. तो आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. त्याला दमट हवा लागते, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर तो वाढतो. बाईंचा त्रास सकाळी अंथरुणातून उठताना, गोधड्या झटकताना, दिवाळीच्या साफसफाईत. जुलै ते डिसेंबर सगळ्यात वाईट आणि कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत जवळजवळ नाही. सगळी हकिगत माइटकडे बोट दाखवत होती. शेतात, बाभळीखाली, गाजरगवताच्या बांधावर त्यांना कधीच शिंका आल्या नव्हत्या.

नऊ गोष्टी एकत्र केल्या की प्रत्येकीचं प्रमाण इतकं पातळ होतं की कामाच्या गोष्टीची पुरेशी मात्रा कधी पोचतच नाही. शिवाय झुरळ आणि बुरशीच्या अर्कात अशी विकरं असतात की ती त्याच कुपीतल्या परागांची प्रथिनं मोडून टाकतात. म्हणून माइटची एकच लस ठरली. अहवालात खुणा जितक्या, तितके पदार्थ लसीत, अशी कुपी कोणी देऊ केली तर ‘यातल्या कशाने मला प्रत्यक्ष त्रास होतो?’ हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा.

लस सुरू करण्याआधी आणखी काही गोष्टी बघतात. दमा असेल तर तो पूर्ण आटोक्यात हवा. शिट्टी वाजणाऱ्या छातीवर हे इंजेक्शन द्यायचं नाही, कारण आजवरच्या गंभीर घटनांमध्ये नियंत्रणात नसलेला दमा हे वारंवार दिसलेलं कारण आहे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या चालू असतील तर आणीबाणीत ॲड्रेनलिन नीट काम करत नाही, त्यामुळे शक्यतो लस टाळतात. गरोदरपणात नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून टिकाऊ मात्रेवर असेल आणि सोसत असेल तर चालू ठेवता येते. चालू कर्करोग किंवा भडकलेला स्वप्रतिकार आजार असेल तर नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत.

पहिले चार-पाच महिने दर आठवड्याला इंजेक्शन. सर्वांत पातळ कुपीपासून सुरुवात करून मात्रा वाढवत जायची. मग टिकाऊ मात्रा महिन्यातून एकदा, एकूण तीन ते पाच वर्षं. तीन वर्षांचा आग्रह का, याला आधार आहे. गवताच्या परागांच्या लसीवरच्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन-चार वर्षं लस घेतलेल्यांचा फायदा ती थांबवल्यावरही तीन वर्षं टिकलेला दिसला. उलट २०१७ सालच्या एका चाचणीत दोनच वर्षं उपचार दिले, तर थांबवल्यानंतर वर्षभराने लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत फरक उरला नाही. दीड-दोन वर्षांत ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडणाऱ्याचे पैसे आणि फेऱ्या बहुतांशी वाया जातात. टिकाऊ मात्रेवर पूर्ण वर्ष होऊनही काहीच फरक नसेल, तर मात्र रेटत राहू नये. निदान पुन्हा तपासावं आणि गरज पडल्यास थांबवावं.

धोका हा विषय मी मुद्दाम सविस्तर सांगतो. टोचलेल्या जागी सूज आणि खाज बहुतेकांना येते, ती चालते. संपूर्ण शरीराची प्रतिक्रिया साधारण हजार इंजेक्शनांमागे एक-दोनदा होते आणि तीही बहुधा सौम्य असते. मृत्यू अत्यंत विरळ, लाखो इंजेक्शनांत एखादा. पण गंभीर प्रतिक्रिया बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात सुरू होते. आपल्या शिक्षिकाबाईंना चौदाव्या इंजेक्शननंतर वीस मिनिटांनी तळहातांना खाज सुटली, मग अंगभर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा झाला. मात्रा बरोबर होती, दमा नव्हता, कारण काही सापडलं नाही. त्या दवाखान्यातच बसलेल्या होत्या. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन दिलं, दहा मिनिटांत उतार पडला. पुढची मात्रा कमी करून पुन्हा चढवली. अशा वेळी ॲलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइड हा पहिला उपचार नाही, पहिलं ॲड्रेनलिनच.

म्हणून माझा नियम साधा आहे. ॲड्रेनलिन भरायला तयार नसेल, ऑक्सिजन नसेल, किंवा रुग्ण अर्धा तास बसायला तयार नसेल, तर इंजेक्शन नाही. घरी, शेजारच्या कंपाउंडरकडून तर कधीच नाही. त्या दिवशी ताप असेल, छाती भरली असेल, तर पुढे ढकलायचं. मध्ये काही आठवडे खंड पडला किंवा नवी कुपी उघडली तर मात्रा कमी करायची. कुपी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, बर्फाच्या कप्प्यात नाही. आमच्याकडे वीज किती वेळ जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे कुपी कुठे राहणार हे आधी ठरवावं. मात्रा वाढवण्याचा टप्पा तज्ज्ञांकडेच व्हावा आणि महिन्याचं इंजेक्शन जवळच्या डॉक्टरांकडे, पण वरच्या अटी पाळत असतील तरच, असं मला योग्य वाटतं.

जिभेखाली टाकायचे थेंब हा दुसरा मार्ग. पहिला थेंब दवाखान्यात, नंतर घरी रोज. तोंडाला खाज येते, पण गंभीर प्रतिक्रिया इंजेक्शनपेक्षा बरीच कमी. अडचण अशी की लोक ते मध्येच सोडतात, आणि तीन वर्षांचा हिशेब इथेही तोच आहे.

बाईंनी तीन वर्षं पूर्ण केली. सकाळच्या शिंका बऱ्याच कमी झाल्या, रोजची गोळी सुटली, दिवाळीच्या सफाईत मात्र अजून दोन-चार दिवस स्प्रे लागतो. लसीकडून एवढीच अपेक्षा धरावी. सुरू करण्याआधी आम्ही बसून फेऱ्या मोजल्या होत्या. पहिल्या पाच महिन्यांत वीस आणि मग महिन्याला एक, म्हणजे तीन वर्षांत साधारण पन्नास. प्रत्येक फेरीत प्रवास, अर्धा तास बसणं आणि अर्ध्या दिवसाची रजा. त्यांना ते जमणार होतं. पेरणी-काढणीत महिना-महिना गावाबाहेर न पडणाऱ्या माणसाला मी हाच हिशेब कागदावर मांडून दाखवतो, आणि तो नाही म्हणाला तर स्प्रे नीट मारायला पुन्हा शिकवतो.