अत्याचाराचा व्हिडिओ उडवला, खातं बंद केलं, पुढे काय?

चळवळीतल्या एखाद्या पेजवरचा व्हिडिओ उडाला किंवा खातंच बंद झालं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, "हे मनुवाद्यांचं कारस्थान आहे." दुसरं, "सोड ना भाऊ, नवीन अकाउंट काढू." राहुरीत आम्ही दोन्ही ऐकत आलो आहोत आणि दोन्हींना आमचा विरोध आहे. पहिल्याने राग निघतो, पण उडालेलं परत येत नाही. दुसऱ्याने तर आपणच पुराव्यावर पाणी सोडतो.

पुराव्याची किंमत आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको. खर्ड्यात 28 एप्रिल 2014 ला नितीन आगेचा खून झाला. नोव्हेंबर 2017 मध्ये सत्र न्यायालयात सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. गावात राहणारा साक्षीदार कोणत्या दबावाखाली फिरतो ते आपण जाणतो. मोबाईलमधला व्हिडिओ दबावाखाली येत नाही. पण तो जर फक्त परदेशी कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर तो एका रात्रीत नाहीसा होऊ शकतो.

आता खरं घडलेलं प्रकरण बघा. मार्च 2022 मध्ये दलितांची बाजू मांडणाऱ्या एका इन्स्टाग्राम खात्याने एक व्हिडिओ टाकला. एका आदिवासी स्त्रीवर पुरुषांचा जमाव भरदिवसा अत्याचार करतो आहे, असं त्यात दिसत होतं. तिचा चेहरा दिसत नव्हता, नग्नता नव्हती, आणि सोबतचा मजकूर घटनेचा निषेध करणारा होता. कोणीतरी रिपोर्ट केला, तपासणाऱ्यांनी तो लैंगिक शोषणाच्या नियमात बसवला आणि पोस्ट काढून टाकली. पुढे कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याच्या नजरेस ही गोष्ट पडली, तेव्हा विषय वर गेला आणि इशाऱ्याच्या पडद्यासह व्हिडिओ परत आला. मेटाच्या ओव्हरसाइट बोर्डाने डिसेंबर 2022 मध्ये तो परत आणणं योग्यच ठरवलं. न्याय मिळाला, पण योगायोगाने. आपल्या तालुक्यातल्या पेजकडे कोणत्या कर्मचाऱ्याची नजर जाणार आहे?

इथे माणसाने चूक केली. बहुतेक वेळा पहिला हात मशीनचा असतो, म्हणून ते काय करतं हे नीट समजून घ्या. मशीन व्हिडिओ 'पाहत' नाही. ते चित्र लहान करतं, रंग काढून टाकतं, कुठे उजेड आणि कुठे अंधार आहे यावरून एक लांबलचक आकडा तयार करतं. याला हॅश म्हणतात; चित्राच्या अंगठ्याचा ठसाच म्हणा ना. थोडं अंधुक केलं तरी हा ठसा बराचसा तोच राहतो. कंपनीकडे निषिद्ध ठरवलेल्या चित्रांच्या ठशांची बँक असते. तुमचा ठसा तिथल्या एखाद्या ठशाशी जुळला की पोस्ट गेली. लहान मुलांच्या शोषणाचे व्हिडिओ पसरू नयेत म्हणून हे तंत्र गरजेचं आहे, त्याला आमचा विरोध नाही.

गोची दुसरीकडे आहे. मारणारे स्वतःच मोबाईलवर शूटिंग करतात आणि माज दाखवायला ते फिरवतात. तोच व्हिडिओ आपण निषेध म्हणून टाकतो. दोघांचा ठसा एकच! वर लिहिलेला निषेध ठशात उतरत नाही. मजकुराचंही तेच. फिर्यादीतली जातिवाचक शिवी आपण जशीच्या तशी उद्धृत केली, तर शब्द ओळखणारी यंत्रणा आपल्यालाच शिवी देणारा समजू शकते. मशीनला जात कळत नाही, म्हणूनच ते अत्याचार करणारा आणि सोसणारा एका मापाने मोजतं. अशा एकेक नोंदी साठल्या की खातं बंद होतं.

बँकेतच चूक शिरली तर काय होतं, हे कोलंबियातल्या प्रकरणात दिसलं. पोलिसांच्या मारहाणीवरचं एक व्यंगचित्र चुकून त्या बँकेत गेलं. सप्टेंबर 2020 मध्ये टाकलेली एक पोस्ट सोळा महिन्यांनी मशीनने उडवली. त्या चित्रासाठी 215 जणांनी अपील केलं आणि त्यातली 98 टक्के अपिलं मंजूर झाली, तरीही चित्र बँकेतून निघालं नव्हतं. प्रकरण बोर्डाकडे गेल्यावर निघालं. आपल्यालाही यातून अंदाज बांधता येतो. पोस्ट टाकताक्षणी गेली तर बहुधा ठसा जुळला. दोन-चार दिवस फिरून गेली तर टोळीने रिपोर्ट केलं असण्याचा संभव जास्त. वर्षभर जुनी पोस्ट अचानक गेली तर बँकेत काहीतरी नवं शिरलं असावं.

आणि अपील करायचंच. ही भीक नाही, 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी दिलेला मार्ग आहे. मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढला तर कारण कळवावं आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी, असं नियम 4(8) सांगतो. आधी आलेल्या नोटिशीचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. मग ॲपमधलं अपील, आणि सोबत कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. त्याने 24 तासांत पोच द्यायची आणि 15 दिवसांत निकाल, अशी 2021 च्या नियमांतली मुदत होती. उत्तर पटलं नाही तर 30 दिवसांच्या आत `gac.gov.in` वर अपील समितीकडे जाता येतं. समिती सरकारने नेमलेली आहे, तिच्यावर आंधळा विश्वास ठेवा असं आम्ही म्हणत नाही. पण लेखी नोंद तयार होते, आणि नोंदीशिवाय पुढे वकीलही काही करू शकत नाही.

अपिलात "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहू नका, त्याने काही हलत नाही. कोणता नियम लावला, पोस्ट निषेधाची कशी आहे, पीडितेचा चेहरा आणि नाव झाकलं आहे का, फिर्याद कोणत्या ठाण्यात कधी दाखल झाली, हे चार ओळींत लिहा. शिवी उद्धृत असेल तर ती फिर्यादीतली आहे हे स्पष्ट सांगा. आणि अपील चालू असताना नवीन खातं काढू नका. अनेक कंपन्या त्याला बंदी चुकवणं मानतात आणि जुनं प्रकरण आणखी बिघडतं.

हे सगळं करताना मूळ फाइल आपल्या हातात हवी. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा केबलने थेट कॉम्प्युटरवर घ्या. दोन पेनड्राइव्हवर दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. आणि त्याच दिवशी ठसा काढून ठेवा. हा ठसा कंपनीच्या ठशासारखा नसतो, फाइलमध्ये एक बिंदू बदलला तरी पूर्ण बदलतो, म्हणूनच तो कोर्टात उपयोगी. विंडोजवर एवढंच टाइप करायचं:

```
certutil -hashfile video.mp4 SHA256
```

आलेला आकडा तारखेसह वहीत लिहा, वकिलाला पाठवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात हाच हॅश मागितला आहे. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतीसाठी प्रमाणपत्र बंधनकारक ठरवलं, पण मूळ उपकरणाचा मालक साक्षीला उभा राहून तेच हजर करत असेल तर त्याची गरज नाही असंही सांगितलं. म्हणून ज्या पोराने शूट केलं त्याने तो फोन रिसेट करायचा नाही, एक्स्चेंजला द्यायचा नाही, खटला संपेपर्यंत.

एक अपवाद मात्र काटेकोर पाळा. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं चित्रण हाती आलं तर प्रत काढायची नाही, पाठवायचंही नाही, पुरावा म्हणूनही नाही. ते जवळ बाळगणं पोक्सोखाली गुन्हा ठरू शकतो. ज्या फोनवर आलं तो घेऊन वकिलासोबत सरळ पोलीस ठाण्यात जायचं आणि लेखी पोच घ्यायची.

जय भीम!