टाकी किती कलली, यापेक्षा कलणे थांबले आहे का?

घरोघरी नळ पोहोचल्याचे 'हर घर जल' प्रमाणपत्र गोव्याला ऑगस्ट २०२२ मध्ये मिळाले. देशात हा मान सर्वप्रथम मिळवणाऱ्यांत आपले राज्य होते. नळ पोहोचवण्याचे उद्दिष्ट गाठल्यानंतर प्रश्न उरतो तो त्या नळांना पाणी देणाऱ्या उंच जलकुंभांच्या प्रकृतीचा. टाकीच्या काँक्रीटला तडा गेला, सळई गंजून बाहेर आली, तर ते कोणालाही दिसते आणि त्याची तक्रारही होते. टाकी पायासकट एका बाजूला कलू लागली, तर ते वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आले, तरी प्रश्न विचारला जातो तो 'किती कलली?' एवढाच. त्याहून महत्त्वाचा प्रश्न 'अजून कलते आहे का?' हा आहे. तो का, हे समजण्यासाठी टाकीच्या पायाखाली डोकवावे लागते.

अशा टाकीचे खांब बहुधा एका अखंड काँक्रीटच्या थाळीवर उभे असतात. तिला राफ्ट म्हणतात. राफ्टमुळे सर्व खांब एकत्र बांधले जातात आणि एखादाच खांब खाली जाण्याचा धोका टळतो. पण त्याचीच दुसरी बाजू अशी, की खालची माती एका अंगाला मऊ असेल तर संपूर्ण थाळीच तिरकी होते आणि तिच्यासह वरची सगळी टाकी कलते. घर खचले तर भिंतींना तडे जाऊन ते आपली व्यथा सांगते. टाकी मात्र एकसंध राहून निमूटपणे झुकत जाते.

आकड्यांत पाहू. समजा, तीन लाख लिटरची टाकी आहे. पाणी ३०० टन, आणि पायासकट बांधकाम ४५० टन, असे मिळून ७५० टन. राफ्ट वर्तुळाकार, १० मीटर व्यासाचा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर, म्हणजे मातीवर दर चौरस मीटरला सरासरी साडेनऊ टन भार येतो. भरलेल्या टाकीचा गुरुत्वमध्य पायापासून सुमारे १३ मीटर उंच आहे, असे धरू.

आता वारा. वाऱ्याच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. एवढा वारा या टाकीवर आदळला, तर तिला उलथवू पाहणारा जोर पायाशी साधारण १०० टन-मीटर भरतो. त्यामुळे वाऱ्याच्या पलीकडच्या कडेखाली मातीवरचा दाब चौरस मीटरला एक टनाने वाढतो आणि समोरच्या कडेखाली तेवढाच कमी होतो. टाकीला यात धोका नाही, कारण हा जोर झोताबरोबर येतो आणि झोताबरोबर जातो.

कलण्याचा हिशेब याच मापाने करून पाहावा. पायांविषयीचे भारतीय मानक आयएस १९०४ राफ्टवरील जलकुंभांना ४०० मध्ये १ एवढा कल चालवून घेते. आपल्या राफ्टच्या दोन टोकांत हा फरक २५ मिलिमीटरचा होतो. गुरुत्वमध्य तेव्हा सव्वातीन सेंटिमीटर बाजूला सरकतो आणि ७५० टनांचे वजन २४ टन-मीटरचा जोर निर्माण करते. वादळाच्या जोराच्या हा पाव हिस्सा. पण कल १०० मध्ये १ झाला, तर तोच जोर जवळपास १०० टन-मीटरवर जातो. याचा अर्थ असा, की आकाश निरभ्र असतानाही त्या टाकीवर ताशी १४० किलोमीटरचा वारा अहोरात्र एकाच दिशेने वाहत असतो. त्यात त्याच दिशेचे खरे वादळ आले, तर खालच्या कडेखाली चौरस मीटरला साडेअकरा टन आणि वरच्या कडेखाली साडेसात टन, अशी दाबाची विषम वाटणी होते.

मूळ दुखणे इथे आहे. जी बाजू मऊ म्हणून खचली, तिच्यावरच कलामुळे अधिक भार येतो. अधिक भाराने ती आणखी खचते, आणि खचल्याने भार पुन्हा वाढतो. हे चक्र थांबते की नाही, हे मातीच्या ताठरपणावर ठरते. गादीवर डबे एकावर एक रचून पाहावेत. चार-पाच डब्यांपर्यंत रचना थोडी झुकून स्थिर राहते. मग एक उंची अशी येते, की कितीही काळजीपूर्वक ठेवला तरी पुढचा डबा सगळी रचना घेऊन कोसळतो. गादी फाटलेली नसते. तिचा परत ढकलण्याचा जोर कलत्या वजनाला पुरेनासा झालेला असतो. कलामुळे वाढणारा जोर मातीच्या प्रतिकाराच्या दहाव्या हिश्श्याएवढा असेल, तर मूळचा कल जेमतेम अकरा टक्क्यांनी वाढून स्थिरावतो. निम्म्याएवढा असेल, तर कल दुप्पट होतो. दोन्ही समान होऊ लागले, की कलाला अंत राहत नाही. उंच आणि निमुळत्या कारखानी धुराड्यांना ही भीती बुटक्या टाक्यांपेक्षा अधिक असते, ती यामुळेच.

या सीमेच्या अगदी काठावर शतकानुशतके उभे राहिलेले बांधकाम म्हणजे इटलीतील पिसाचा मनोरा. वजन सुमारे १४,५०० टन, आणि पाया अवघा १९.६ मीटर व्यासाचा. ११७३ मध्ये काम सुरू झाले आणि काही वर्षांतच थांबले, ते जवळपास शंभर वर्षे. त्या खंडानेच मनोरा वाचवला. खालच्या चिकणमातीतले पाणी हळूहळू निघून गेले आणि ती घट्ट झाली. काम सलग रेटले असते, तर मनोरा बांधता बांधताच पडला असता. १९९० मध्ये कल साडेपाच अंशांवर गेला आणि मनोरा लोकांसाठी बंद करण्यात आला. तेव्हा त्याचा माथा वर्षाला एक-दीड मिलिमीटरच सरकत होता. तरीही तज्ज्ञांना धास्ती होती, कारण ही गती थांबत नव्हती.

या गतीचे एक कारण आपल्यासारख्या पावसाळी प्रदेशाने ध्यानात ठेवावे असे आहे. मुसळधार पावसात मनोऱ्याच्या वरच्या, म्हणजे उत्तर बाजूला भूजल अधिक चढे आणि ती बाजू किंचित उचलली जाई. पाणी उतरल्यावर मनोरा पूर्णपणे जागेवर येत नसे. दर पावसाळ्याला एक दात पुढे सरकणाऱ्या चाकासारखा हा प्रकार होता.

उपायांचा इतिहासही बोलका आहे. १९३० च्या दशकात पाया बळकट करण्यासाठी त्यात भोके पाडून सिमेंटचे पाणी भरले, तेव्हा मनोरा एकाएकी अधिक कलला. १९९५ मध्ये काम करता यावे म्हणून जमीन गोठवली, तेव्हाही तो हलला आणि उत्तर बाजूला शिशाच्या लाद्यांचे वजन तातडीने वाढवावे लागले. गुण आला तो उलट्या वाटेने. खचलेल्या बाजूला हात न लावता, उचललेल्या उत्तर बाजूखालून थोडी थोडी माती काढण्यात आली. मनोरा सुमारे अर्धा अंश सरळ झाला आणि डिसेंबर २००१ मध्ये पुन्हा उघडला.

गोव्यात टाक्या बहुधा उंचवट्यावर, सड्याच्या कडेला बांधल्या जातात. तिथे दोन फसवणुकी संभवतात. पहिली, उतार सपाट करताना अर्धी जागा कापलेल्या कातळाची आणि अर्धी भरावाची निघते. भराव कितीही दाबला, तरी जांभ्याइतका ताठ होत नाही. दुसरी फसवणूक अधिक खोल आहे. वरचा जांभा कठीण असतो, पण त्याच्याखाली अनेक ठिकाणी शेडीची मऊ, पाण्याने विरघळल्यागत होणारी माती असते. जागेवर लोखंडी पत्रा ठेवून भार देण्याची चाचणी इथे उत्तम निकाल देते, कारण साठ सेंटिमीटरच्या पत्र्याचा दाब एक-सव्वा मीटर खोलीपर्यंतच जाणवतो. १० मीटरच्या राफ्टचा दाब मात्र पंधरा-वीस मीटरपर्यंत पोहोचतो. म्हणून मधोमध एक विंधन घेऊन भागत नाही. राफ्टच्या कडेला किमान तीन ठिकाणी, तेवढ्या खोलीपर्यंत माती तपासावी लागते. तिन्ही विंधनांत थर वेगवेगळ्या खोलीवर लागले, तर तिथेच भावी कलाची दिशा कळते.

टाकी उभी राहिल्यानंतरची तपासणी फारशी खर्चिक नाही. राफ्टवर वा खांबांच्या बुडाशी चार दिशांना चार कायमच्या खुणा बसवाव्यात आणि दूरच्या पक्क्या कातळावर एक संदर्भबिंदू ठरवावा. टाकी रिकामी असताना, मग पाव, अर्धी आणि पूर्ण भरल्यावर या खुणांची पातळी मोजावी. आपल्या उदाहरणात टाकी प्रथम भरताना मातीवर एकदम ३०० टनांची भर पडते, म्हणून प्रत्येक टप्प्यानंतर खचणे स्थिरावेपर्यंत थांबावे. त्यानंतर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तीच मोजणी करावी. चिकणमाती सावकाश खचते, त्यामुळे पहिल्या वर्षीचे समाधान पुरेसे नसते.

ही मोजणी आणखी एक गोंधळ दूर करते. ओळंब्यात नसलेली प्रत्येक टाकी कलत असतेच असे नाही. खांब तिरके पण राफ्ट समपातळीत असेल, तर दोष साचेकामाचा आहे आणि तो वाढणार नाही. राफ्टही तिरका असेल, तर दोष जमिनीचा आहे. जमिनीच्या दोषाची काही चिन्हे सामान्य माणसालाही दिसतात: एका बाजूच्या फरसबंदीत आणि खांबांत पडलेली फट, पुन्हा पुन्हा निखळणारा जलवाहिनीचा सांधा, टाकीच्या आतल्या भिंतीवर काठाशी समांतर नसलेली पाण्याची रेघ.

अशी शंका आल्यास पहिले पाऊल म्हणजे टाकीतली पाण्याची पातळी उतरवणे. वजनही कमी होते आणि गुरुत्वमध्यही खाली येतो. त्यानंतर पावसाचे पाणी पायापासून दूर वळवावे. खचलेल्या बाजूला खड्डा खणणे किंवा घाईने सिमेंटचे पाणी भरणे टाळावे. पिसात ते अंगाशी आले होते. गिलावा जाड करून तिरकेपणा झाकणे तर सर्वांत वाईट, कारण त्याने दोष राहतो आणि पुरावा जातो.

४०० मध्ये १ ही मर्यादा ओलांडलेली, पण दहा वर्षे एका जागी स्थिर असलेली टाकी देखरेखीखाली वापरता येईल का, यावर अभियंते विचार करू शकतात. मर्यादेच्या आत असलेली, पण दर पावसाळ्यानंतर दोन-तीन मिलिमीटर पुढे जाणारी टाकी मात्र त्वरित लक्ष मागते. या दोघींतला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तो फक्त वर्षवार नोंदवहीत दिसतो. म्हणून आपल्या गावच्या टाकीविषयी ग्रामसभेत विचारण्याचा प्रश्न साधा आहे: चार खुणांच्या पातळीची गेल्या तीन वर्षांची नोंद कुठे आहे?