रेषा नेमकी कोठे अडखळते?

विसराळूपणाची तपासणी करून आलेल्या वडिलांविषयी घरच्यांचा एक नाराजीचा सूर मला वरचेवर ऐकू येतो: ‘बाबांना लहान मुलासारखे आकडे जोडायला लावले!’ त्या कागदाचे नाव ट्रेल मेकिंग चाचणी. तिच्या पहिल्या भागात विखुरलेली २५ वर्तुळे १ पासून २५ पर्यंत क्रमाने रेषेने जोडायची असतात. दुसऱ्या भागात १३ आकडे आणि १२ इंग्रजी अक्षरे असतात व ती आलटून पालटून जोडायची: १ वरून ए, तेथून २, मग बी. चूक झाल्यास तपासनीस मागील वर्तुळावर परत आणतो. घड्याळ मात्र थांबत नाही.

पहिल्या भागात नजरेचा व हाताचा वेग कळतो. दुसऱ्यात दोन क्रम मनात धरून दर पावलाला एक सोडायचा आणि दुसरा उचलायचा असतो. मनाची लवचीकता म्हणतात ती हीच. म्हणून दोन्ही वेळा शेजारी ठेवूनच वाचाव्यात.

माझ्याकडील एका ७१ वर्षांच्या निवृत्त लिपिकांना पहिल्या भागास ५२ सेकंद लागले, दुसऱ्यास २३६, म्हणजे साडेचारपट. ५ वरून ई कडे वळायचे, तर ते ६ वर गेले. टोकताच ‘हो, हो’ म्हणाले. आणि पुढे ८ वरून पुन्हा थेट ९! नियम विचारला तर अचूक सांगत. हात मात्र जुन्याच वाटेने जाई. घरीही चहा करताना फोन आला की चहा उतू जाई. याउलट एका आजींना ११८ आणि २५१ सेकंद लागले. दोन्ही भाग संथ, पण दुसरा जेमतेम दुपटीहून थोडा अधिक, आणि चूक एकही नाही. त्यांची अडचण मोतीबिंदूची आणि आखडलेल्या बोटांची होती.

स्ट्रूप चाचणी वेगळे काही पाहते. हिरव्या शाईत ‘लाल’ छापलेले असते. उत्तर द्यायचे ‘हिरवा’. वाचन इतके अंगवळणी पडलेले असते की ‘लाल’ ओठांवर येतेच. ते आवरून धरणे, ही तिची कसोटी. साहजिकच ज्यांना वाचनाची सवय नाही त्यांना हा अडथळा जाणवतच नाही, आणि रंग नीट न ओळखणाऱ्यांचा निकाल फसवा ठरतो. इंग्रजी अक्षरांचा सराव नसलेल्यांची ट्रेल चाचणीतही अशीच गफलत होते. त्यांच्यासाठी गुलाबी-पिवळ्या वर्तुळांचा प्रकार उपलब्ध आहे.

एवढ्यावरून स्मृतिभ्रंशाचे निदान होत नाही. अपुरी झोप, खिन्नता, झोपेच्या गोळ्या यांनीही वेळ वाढतो. जाताना चष्मा आणि औषधांची यादी न्यावी. घरी सराव मात्र करून घेऊ नये. सरावाने वेळ घटतो आणि पुढच्या तपासणीशी तुलना करता येत नाही.