आधी नाव, मग अक्षरे

इंग्रजी आरोग्य-अहवाल कंबोडियाच्या ख्मेर भाषेत उतरवताना ‘एमडीआर-टीबी’ ही अक्षरे एकटी सोडता येत नाहीत. ख्मेर लिपीत मोठी अक्षरे नाहीत आणि शब्दही सहसा सलग लिहितात. मग आद्याक्षरे ओळखू कशी यावीत? म्हणून अनुवादक पहिल्या उल्लेखात पूर्ण ख्मेर नाव लिहून कंसात इंग्रजी अक्षरे ठेवतो. पुढच्या तक्त्यांत तीच भेटतात.

क्षयाला ख्मेरमध्ये ‘रबेङ’ म्हणतात. पण नुसते ‘औषधाला न जुमानणारा रबेङ’ लिहिले, तर ‘एम’ निसटला! त्याचा अर्थ ‘अनेक’: निदान आयसोनायझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्हींना न जुमानणारा. तो शब्द गळला, की केवळ रिफॅम्पिसिनला न जुमानणारे रुग्णही वाचक त्याच आकड्यात धरतो.