कॅमेरा ‘वाहवा’ म्हणत नाही

“भाषण तेच, फक्त समोर मोबाइल ठेवायचा,” असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. मीही तेच म्हणत होतो आणि तोंडघशी पडलो.

संत शेख महंमद यांच्यावरचं माझं 40 मिनिटांचं व्याख्यान सभागृहात रंगतं. मी विचारतो, “‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद कुठले?” मागून कुणीतरी ओरडतं, “श्रीगोंद्याचे!” तो आवाज पकडून मी पुढे जातो. मध्ये एक उर्दू शेर येतो. पहिला मिसरा म्हणायचा, दाद आली की तोच पुन्हा म्हणायचा आणि मग दुसरा. ही मुशायऱ्याची रीतच आहे.

तेच कागद घेऊन कॅमेऱ्यासमोर बसलो. प्रश्न विचारून थांबलो, तर नुसती शांतता. मिसरा दोनदा म्हटला, तर व्हिडिओत वाटलं की मास्तर पुढचं विसरले!

मित्र म्हणाले, “एडिटिंगमध्ये कापू.” शांतता कापता येईल हो, पण पुढचं वाक्य न आलेल्या उत्तराला धरूनच उभं राहतं, त्याचं काय? दोष रेकॉर्डिंगचा नव्हता, संहितेचा होता.

मग लाल पेन घेतलं आणि जिथे जिथे मी सभागृहाकडून काही मागत होतो, तिथे खूण केली. मान्यवरांचं स्वागत, “हात वर करा”, टाळीसाठीचा थांबा, “मघाशी अध्यक्ष म्हणाले तसं”. स्वागत उडवलं. प्रश्नाच्या जागी पहिलंच वाक्य आलं: “श्रीगोंद्यातून तुम्ही गेला असाल, पण तिथल्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?” उत्तराची वाट न पाहता पुढे ते सांगायला लागायचं. ‘बंधू-भगिनींनो’ गेलं, कारण मोबाइलसमोर एकटा माणूस बसलेला असतो. शेर एकदाच, सावकाश. मागच्या रांगेसाठी तीनदा सांगितलेला मुद्दाही एकदाच, कारण इथे ऐकणारा मागे जाऊन पुन्हा ऐकू शकतो. 40 मिनिटांची 9 झाली, आणि मुद्दा एकही गेला नाही.

खात्री करायची तर नवी संहिता घरातल्या एकाच माणसासमोर बसून म्हणा. जे वाक्य म्हणताना ओशाळल्यासारखं वाटेल, ते अजून सभागृहातलंच आहे. मग लेन्सकडे पाहून रेकॉर्ड करा आणि आवाज बंद करून पाहा. डोळे जिथे कागदाकडे जातात, तिथलं वाक्य लांब आहे. ते तोडा.

“मग वक्तृत्व उरलं काय?” असं विचारतात. वक्तृत्व हवं तर भरल्या सभागृहातच रेकॉर्ड करा आणि लोकांचा आवाजही येऊ द्या. तो व्हिडिओ मी आनंदाने पाहीन. पण रिकाम्या खोलीत बसून हजारांना हाक मारू नका. ज्या एका माणसाने तुमच्यासाठी वेळ काढलाय, त्याच्याशी बोला.