व्हेंडर बंद करताय? मग बिल अडवू नका, पत्र लिहा

व्हेंडर बदलण्यावरच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त एकच प्रश्न आला: "त्याने आम्हाला त्रास दिला, मग त्याचं पेमेंट थांबवू का?" माझं मत सरळ आहे. थांबवू नका. चूक त्याची असते आणि पैसे अडवून आपण ती आपल्या अंगावर ओढून घेतो.

माझंच उदाहरण घ्या. लालबागला आमचं मसाले आणि चिवड्याचं दुकान आहे. छापील बॉक्स परळच्या एका गाळ्यातून यायचे. नाव सांगत नाही, माणूस वाईट नव्हता. पण गणपतीच्या तोंडावर 10 ऑगस्टला येणारे 1,200 बॉक्स 19 तारखेला आले. पुढच्या 2,000 मध्ये 300 बॉक्सची झाकणं बसेनात. त्यानंतरचे 1,500 मात्र वेळेत आले, नीट आले. चौदा रुपये नग, जीएसटी धरून. तीन बिलांचे मिळून 65,800 रुपये बाकी होते.

मी चिडून ठरवलं होतं, एक पैसा द्यायचा नाही. मग करार काढून वाचला (सही केल्यावर पहिल्यांदाच, खरं सांगते!). त्यात दोन वाटा होत्या. एक, कराराचा भंग झाला तर लेखी कळवायचं, सुधारायला सात दिवस द्यायचे आणि तरी नाही सुधारलं तर लगेच करार संपवायचा. दुसरी, काहीही कारण न देता 30 दिवसांची नोटीस. मी ते सात दिवस लेखी दिलेच नव्हते, फोनवर फक्त भांडले होते. म्हणजे पहिली वाट बंद. म्हणून पत्रात भंग नोंदवले, पण करार संपवला 30 दिवसांच्या कलमाने. तुमच्याकडेही अशी दोन कलमं असतील तर रागाला आवडेल ते नको, कागदावर टिकेल ते निवडा.

भंग लिहिताना "तुम्ही नेहमीच उशीर करता" असं लिहायचं नाही. मी लिहिलं: "ऑर्डरप्रमाणे 1,200 बॉक्स 10 ऑगस्टला अपेक्षित होते, 19 ऑगस्टला मिळाले. चलनाची प्रत सोबत." बस्स. तारीख, नग, कागद.

आता हिशोबाचा परिच्छेद. माझ्या मते अख्ख्या पत्रात हाच महत्त्वाचा. तो असा होता:

"तीन बिलांची एकूण बाकी 65,800 रुपये. त्यातील 300 सदोष बॉक्सचे 4,200 रुपये आम्हाला मान्य नाहीत. त्याबाबत माल मिळाल्याच्या चौथ्या दिवशी फोटोंसह लेखी कळवले आहे. कृपया तेवढ्याची क्रेडिट नोट द्यावी व माल उचलावा. उरलेले 61,600 रुपये आज एनईएफटीने पाठवले आहेत."

उशिराचे पैसे कापले का? नाही. करारात उशिराचा दंडच ठरलेला नव्हता. नुकसान मागायचं तर ते दाखवावं लागतं, आणि मी त्या नऊ दिवसांसाठी क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले साधे बॉक्स उलट स्वस्तच पडले होते!

आणि तो "चौथा दिवस" का लिहिला? तो गाळेवाला उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उत्पादक आहे. अशा पुरवठादारासाठी 2006 चा एमएसएमईडी कायदा आहे. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. पैसे द्यायची मुदत करारात कितीही लिहा, 45 दिवसांच्या पुढे चालत नाही. लेखी मुदत ठरलीच नसेल तर 15 दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. 4,200 च्या वादापायी 61,600 वर हे व्याज कोण भरणार?

एक गोष्ट मी जवळजवळ विसरलेच होते: डाय. बॉक्स कापायची डाय आपण पैसे देऊन बनवून घेतो, पण ती राहते त्याच्या गाळ्यात. छपाईची फाइल आणि आपल्या नावाचे उरलेले बॉक्सही तिथेच. हे तिन्ही परत मागणारी ओळ पत्रात हवीच. नोटीसच्या काळात कोणती ऑर्डर चालू राहील, तेही लिहा. माझ्या पत्रात होतं की नवी ऑर्डर देणार नाही, पण छापून झालेले 500 बॉक्स त्याच दराने घेईन. त्याचा कागद-शाईचा खर्च झालेला होता, तो त्याच्या गळ्यात कशाला मारायचा?

पत्र स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवलं, ईमेलही केला. त्याला ते 3 सप्टेंबरला मिळालं. आमच्या करारात 30 दिवस पत्र मिळाल्यापासून मोजायचे होते, म्हणून शेवटचा दिवस 3 ऑक्टोबर.

पत्र मिळाल्यावर त्याचा फोन आला. रागाने सुरू झाला, मग म्हणाला, "ताई, पैसे जमा झालेले दिसले." क्रेडिट नोट यायला तीन आठवडे लागले. डाय मात्र तो स्वतः आणून देऊन गेला, 500 बॉक्सच्या टेम्पोबरोबर.